मुलीचा ताबा व भेटीच्या वेळापत्रकास मंजुरी मिळण्यासाठी संयुक्त अर्ज

मा. कौटुंबिक न्यायालय, मुंबई (वांद्रे) यांचे समोर
परस्पर संमतीने दाखल व प्रलंबित घटस्फोट याचिकेत, हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 26 अन्वये

अर्जदार क्र. 1: आई, रा. मुलुंड (पूर्व)
अर्जदार क्र. 2: वडील, रा. ठाणे (पश्चिम)

अर्जदार सविनय कळवितात की,

1. उभयतांची मुलगी 9 वर्षांची असून चौथीत शिकते. अर्जदार विभक्त झाल्यापासून ती आईकडे राहते व शनिवार-रविवार वडिलांकडे जाते. वडिलांना म्युनिक येथे तीन वर्षांची नोकरी मिळाली असून ते येत्या जानेवारीत रवाना होतील. तेव्हापासून आठवडी भेट शक्य नाही.

2. ताबा आईकडे राहील. शाळा बदलणे व नियोजित शस्त्रक्रिया यांस दोघांची लेखी संमती लागेल. ई-मेलला 7 दिवसांत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरावी. तातडीच्या उपचारासाठी आईने थांबू नये, त्याच दिवशी कळवावे.

3. व्हिडिओ कॉल बुधवारी रात्री 8 ते 8.30 आणि रविवारी सायंकाळी 6 ते 7, भारतीय वेळेनुसार. जर्मनीत मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात, त्यामुळे अंतर कधी साडेतीन तर कधी साडेचार तासांचे होते. ठरलेली वेळ त्याने सरकणार नाही. कॉल चुकल्यास 48 तासांत भरून द्यावा. कॉलवर खर्चाचे किंवा खटल्याचे बोलणे नको.

4. दिवाळीच्या सुट्टीत 7 दिवस व मे महिन्यात 21 दिवस मुलगी वडिलांकडे राहील. लक्ष्मीपूजन सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. तारखा 60 दिवस आधी लेखी कळवाव्यात. मुलीला मुलुंडच्या घरातून सकाळी 11 वाजता न्यावे व शेवटच्या दिवशी सायंकाळी 6 पर्यंत आणून सोडावे. पहिल्या वर्षी या सर्व भेटी मुंबई-ठाण्यातच होतील. मुलीला एकदम परक्या घरी पाठवणे उभयतांना योग्य वाटत नाही.

5. दुसऱ्या वर्षापासून मे महिन्याची भेट म्युनिकला होऊ शकेल. मात्र 1980 च्या हेग करारात भारत सामील नसल्याने मुलगी परत न आल्यास त्या करारान्वये दाद मागता येणार नाही. म्हणून पहिल्या प्रवासापूर्वी वडिलांनी स्वखर्चाने तेथील न्यायालयातून याच आशयाचा मिरर आदेश मिळवावा, परतीचे निश्चित तिकीट दाखवावे आणि 5 लाख रुपये या न्यायालयात जमा करावेत. मुलगी परतल्यावर रक्कम परत मिळेल. शेंगेन व्हिसासाठी आई संमतिपत्र देईल. पासपोर्ट आईकडे राहील, प्रवासाच्या 3 दिवस आधी दिला जाईल व परतल्यावर 24 तासांत परत घेतला जाईल. मुलगी एकटी विमानाने जाणार नाही. ने-आण वडील करतील.

6. वडील दरमहा 5 तारखेपर्यंत 30,000 रुपये आईच्या खात्यात भरतील, प्रवासखर्च वेगळा. हप्ता थकला म्हणून भेट अडवता येणार नाही, भेट अडली म्हणून हप्ता थांबवता येणार नाही.

तरी वरील अटी मुलीच्या हिताच्या असल्याने त्यांनुसार आदेश व्हावा, ही विनंती.

सत्यापन: परिच्छेद 1 ते 6 मधील मजकूर आम्ही वाचला असून तो आमच्या माहितीप्रमाणे खरा आहे. मुंबई येथे सही केली.

अर्जदार क्र. 1 (सही)
अर्जदार क्र. 2 (सही)