चित्र ओळख कार्डं: भारतीय कला इतिहास, बी.एफ.ए. द्वितीय वर्ष

कार्ड कसं वापरायचं: 'समोर' म्हणजे पडद्यावर काय दिसेल ते. 'मागे' म्हणजे उत्तरपत्रिकेत काय उतरवायचं ते. 'फसगत' उत्तरात लिहायची नाही, डोक्यात ठेवायची. 'बुद्धाची मूर्ती' एवढंच लिहिलं तर अर्धा गुणही मिळत नाही. विषय सगळ्यांनाच दिसतो. दगड, वस्त्राची चुणी आणि डोळा बघा.

कार्ड १
समोर: लहानशी नग्न मुलगी, उजवा हात कमरेवर, डावा हात जवळपास खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, हनुवटी किंचित वर.
मागे: नर्तकी, मोहेंजोदडो. सिंधू संस्कृती, इ.स.पू. सुमारे २५००. कांस्य, मेणाचा साचा वितळवून ओतकाम. उंची जेमतेम १०.५ सेंमी. राष्ट्रीय संग्रहालय, दिल्ली.
फसगत: स्लाइडवर ती पुरुषभर उंच वाटते. आकार विचारला तर हमखास चुकतो.

कार्ड २
समोर: पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, खाली गोल पट्टीवर हत्ती, बैल, घोडा, सिंह आणि मधे चक्रं, त्याखाली उलटं कमळ.
मागे: सारनाथचा स्तंभशीर्ष. मौर्य, अशोकाचा काळ, इ.स.पू. सुमारे २५०. चुनारचा वालुकाश्म, आरशासारखी झिलई. आयाळीच्या बटा साच्यातल्यासारख्या, पट्टीवरचे प्राणी मात्र जिवंत चालणारे. हा फरक लिहिलात तर परीक्षक खूश.

कार्ड ३, ४, ५ (एकत्रच पाठ करा, वेगळे करू नका)

३ समोर: करडा-निळसर दगड, लाटांसारखे केस, दोन्ही खांदे झाकणारं जाड वस्त्र, खोल आणि खऱ्या कापडासारख्या चुण्या.
मागे: गांधार शैली, कुषाण काळ. शिस्ट दगड. ग्रीक-रोमन वळणाचा चेहरा आणि वस्त्र.

४ समोर: लालसर दगडावर पांढुरके ठिपके, उघडे टपोरे डोळे, ओठांवर हसू, डोक्यावर शंखासारखा वळलेला केसांचा गुंडा, उजवा खांदा उघडा, उजवा हात अभयमुद्रेत, सिंहासन.
मागे: मथुरा शैली, कुषाण काळ. उदाहरण: कटरा इथली मूर्ती. भरदार छाती, यक्षमूर्तींची परंपरा. बाहेरून आलेलं काही नाही, इथल्याच मातीतलं.

५ समोर: पिवळट दगड, पद्मासन, दोन्ही हात छातीशी धर्मचक्रमुद्रेत, मिटत आलेले डोळे, मागे वेलबुट्टीची प्रभावळ, आसनाखाली चक्र, हरणं आणि शिष्य.
मागे: सारनाथची उपदेश देणारी बुद्धमूर्ती. गुप्त काळ, ५ वं शतक. चुनारचा वालुकाश्म. वस्त्र फक्त कडांना जाणवतं, अंगावर एकही चुणी नाही.
फसगत: गुप्तकाळातच मथुरेतही मूर्ती घडत होत्या आणि त्यांच्या अंगावर दोरी गुंडाळल्यासारख्या बारीक चुण्या असतात. म्हणून 'गुप्त' लिहून थांबू नका. चुण्या असतील तर मथुरा, नसतील तर सारनाथ. यावर्षी हे विचारतील असं माझं मत आहे, कारण सरांनी दोन्ही स्लाइड शेजारी लावून तासभर घालवला.

कार्ड ६
समोर: मुकुट घातलेला सडपातळ पुरुष, मान कललेली, त्रिभंग, उजव्या हातात निळं कमळ, नजर खाली. भोवती गडद तपकिरी गर्दी.
मागे: पद्मपाणि, अजिंठा, लेणे क्र. १. वाकाटक, राजा हरिषेणाचा काळ, ५ व्या शतकाचा उत्तरार्ध. हे लेणं विहार आहे, चैत्य नाही. गाभाऱ्याकडे तोंड केलं की चित्र डावीकडे, उजवीकडे वज्रपाणि. रेषेतूनच गोलाई, उजळ ठिकाणी हलका रंग.
फसगत: 'फ्रेस्को' लिहू नका! ओल्या चुन्यावरचं काम नाही हे. माती, शेण, भाताचा कोंडा यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर, आणि तो सुकल्यावर रंग. 'कोरड्या गिलाव्यावर टेंपरा' असं लिहा.

कार्ड ७
समोर: अंधारातून वर येणारे तीन प्रचंड चेहरे, फक्त छातीपर्यंत.
मागे: सदाशिव (लोकांच्या तोंडी त्रिमूर्ती), घारापुरी. ६ व्या शतकाच्या मध्याचा सुमार, बहुतेक अभ्यासक कलचुरींशी जोडतात. मधला शांत तत्पुरुष. आपल्या डाव्या हाताला मिशीवाला उग्र अघोर, हातात साप. उजव्या हाताला कोमल वामदेव, हातात कमळ.
फसगत: ब्रह्मा-विष्णू-महेश लिहिलं की गुण गेले. तिन्ही शिवाचीच रूपं.

कार्ड ८
समोर: खडक वरून खाली खोदून मोकळं केलेलं अख्खं मंदिर, पायथ्याला हत्तींची रांग.
मागे: कैलास, वेरूळ, लेणे क्र. १६. राष्ट्रकूट, कृष्ण पहिला, ८ वं शतक. द्राविड शिखर.

कार्ड ९
समोर: चेहरा बाजूने, पण पलीकडचा डोळा गालाबाहेर लटकलेला, लाल-निळी सपाट पार्श्वभूमी, सोनं.
मागे: पश्चिम भारतीय (जैन) पोथीचित्र, बहुधा कल्पसूत्र. बाहेर आलेला डोळा दिसला की दुसरं काही बघायचीही गरज नाही.

कार्ड १०
समोर: एकटा झेब्रा, मागे काहीच नाही, भोवती नक्षीदार हाशिया.
मागे: मन्सूर, मुघल, जहांगीरचा काळ, १६२१. कागदावर जलरंग. चित्रावर बादशहाच्या हस्ताक्षरातली नोंद.

कार्ड ११
समोर: चोळी-साडीतली उंच स्त्री झाडाला स्पर्श करते आणि झाड फुलतं.
मागे: 'तारीफ-इ-हुसेनशाही'मधलं दोहद. दख्खनी शैली, अहमदनगर, निजामशाही, सुमारे १५६५. पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात.
फसगत: झाड आणि साडी बघून पोरं 'राजस्थानी' लिहितात. इराणी वळण आणि दक्षिणी पेहराव एकत्र दिसला की दख्खन.

कार्ड १२
समोर: बाजूने चेहरा, कमळाच्या पाकळीसारखा लांब डोळा, टोकदार नाक-हनुवटी, कमानदार भुवई, हातात कमळ.
मागे: बणी-ठणी. किशनगढ, निहालचंद, १८ व्या शतकाचा मध्य, राजा सावंतसिंहाचा आश्रय.

कार्ड १३
समोर: साडीतली तरुणी, एका हातात समई, दुसऱ्या हाताने ज्योत झाकलेली, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड चेहऱ्यावर.
मागे: ग्लो ऑफ होप. सा. ल. हळदणकर, १९४५-४६. जलरंग, वास्तववादी शैली. मैसूर, जगनमोहन पॅलेस.
फसगत: सगळ्यांत जास्त जण इथेच पडतात. कॅलेंडरवर, फॉरवर्डवर, अगदी काही गाइडांतही हे चित्र राजा रविवर्म्याच्या नावावर खपतं. रविवर्मा १९०६ साली गेला, आणि त्याची ख्याती तैलरंगाची. चित्रकार आपला सावंतवाडीचा, निदान आपण तरी बरोबर लिहूया.

कार्ड १४
समोर: भगव्या वस्त्रातली चतुर्भुज स्त्री, हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र, जपमाळ. सगळं धूसर, कडा विरघळलेल्या.
मागे: भारतमाता. अवनींद्रनाथ टागोर, १९०५. बंगाल शैली, वॉश पद्धत (जपानी प्रभाव). वंगभंगाचं वर्ष, हे जरूर जोडा.

कार्ड १५
समोर: चालणारं कष्टकरी कुटुंब, उघड्यावर, खडबडीत पृष्ठभाग.
मागे: संथाळ कुटुंब. रामकिंकर बैज, १९३८, शांतिनिकेतन. सिमेंट आणि जांभ्या दगडाची खडी. 'दगडी शिल्प' लिहू नका.