नेमकं नाव टाइप केलं, तर तेच पुस्तक सगळ्यात वर दिसलं पाहिजे

शोध टीममधल्या सर्वांना नमस्कार,

आपल्या दुकानाच्या शोधात निकालांचा क्रम लावताना ‘लोकप्रियतेचं वजन थोडं कमी करू’ यावर आपण गेल्या बैठकीत थांबलो होतो. तेवढ्याने काम भागणार नाही असं आम्हाला विक्री आणि कॅटलॉगच्या बाजूने ठामपणे वाटतं. का, ते या टिपणात लिहिलं आहे.

आधी एक उदाहरण. आपल्याकडे ‘पडसाद’ नावाचा एक कथासंग्रह आहे. शोधाच्या चौकटीत ‘पडसाद’ एवढंच लिहिलं, तर पहिली येते एक खूप खपणारी ऐतिहासिक कादंबरी. कारण तिच्या परिचयात ‘ज्या घटनेचे पडसाद आजही उमटतात’ असं वाक्य आहे. तिच्यामागे एक आत्मचरित्र, मग ‘बालपणीच्या आघातांचे पडसाद’ सांगणारं मानसशास्त्रावरचं पुस्तक. खुद्द ‘पडसाद’ तिसऱ्या पानावर. प्रती गोदामात आहेत, पानावर मुखपृष्ठही नीट आहे, आणि ग्राहक फोन करून विचारतात, “तुमच्याकडे हे पुस्तक नाही का?” फोन करणारे निदान विचारतात तरी. बाकीचे दुसऱ्या दुकानात जातात आणि आपल्या आकड्यांत ते ‘शोधलं, पण घेतलं नाही’ एवढेच उरतात.

पूर्ण नाव लिहिणाऱ्या माणसाने निवड आधीच केलेली असते. कुणीतरी सुचवलं, परीक्षण वाचलं, अभ्यासक्रमात लागलं, किंवा जुनी प्रत हरवली म्हणून पुन्हा हवं आहे. त्याला आपला सल्ला नको असतो, पुस्तक हवं असतं. आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये वेबवरच्या शोधांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात ठरावीक ठिकाणी पोचण्यासाठी केलेला शोध हा माहितीसाठी केलेल्या शोधापेक्षा वेगळा धरला आहे. पुस्तकाचं पूर्ण नाव लिहिणं हा सरळसरळ पहिल्या प्रकारचा शोध आहे.

लोकप्रियता म्हणजे अंदाज. माणसाला नेमकं काय हवं आहे हे कळत नसतं, तेव्हा बहुतेकांना जे आवडलं ते याला आवडेल, असं आपण धरून चालतो. ‘रहस्यकथा’ किंवा ‘मुलांसाठी गोष्टी’ अशा शोधांना हा अंदाज उत्तम चालतो आणि तो तिथे राहिलाच पाहिजे. पण ज्याने नाव सांगितलं, त्याच्या बाबतीत अंदाज करण्यासारखं उरलेलं काय?

वजन कमी करून हे का सुटत नाही, ते तुमच्याच रचनेत दिसतं. तुम्ही समजावल्याप्रमाणे नाव, लेखक आणि परिचय हे सगळं एकाच फील्डमध्ये एकत्र करून त्यावर बीएम२५चा गुण काढला जातो आणि तो विक्रीच्या आकड्याने गुणला जातो. बीएम२५ तोकड्या मजकुरातल्या शब्दाला जास्त किंमत देतं. दोन-चार शब्दांच्या नावाला त्याचा मोठा फायदा मिळाला असता, पण सगळं एकत्र केल्यावर तो फायदा विरघळून जातो. त्यात स्टेमर ‘पडसादांचा’, ‘पडसादातून’ हे सगळं ‘पडसाद’मध्ये जमा करतो. उरलेला फरक विक्रीचा गुणाकार पुसून टाकतो. गुणक निम्मा केला, तर आज हरणारी काही पुस्तकं जिंकतील. पुढच्या महिन्यात एखादं पुस्तक तुफान खपलं की ती पुन्हा हरतील.

म्हणून आमची मागणी वजनाची नाही, पायरीची आहे. शोधलेला मजकूर आणि पुस्तकाचं नाव तंतोतंत जुळलं, तर ते पुस्तक वरच्या पायरीवर. बाकी सगळं खालच्या पायरीवर, मग त्याचा गुण कितीही असो. नाव आणि लेखक मिळून लिहिलं, तरी तेच. एकाच नावाची दोन-तीन पुस्तकं असली, की वरच्या पायरीवर त्यांच्यात क्रम लावायला लोकप्रियता खुशाल वापरा. तिथे तिची खरी गरज आहे.

‘प्रवास’ नावाचं कुणाला माहीत नसलेलं पुस्तक प्रवासवर्णनं शोधणाऱ्याच्या डोक्यावर का बसवायचं, असा आक्षेप बैठकीत आला होता. आक्षेप रास्त आहे. पण दोन्ही बाजूंचं नुकसान मोजून पाहा. सहज चाळणाऱ्याला एक अनोळखी पुस्तक ओलांडून दुसऱ्या क्रमांकावर जावं लागतं. नाव शोधणाऱ्याला मात्र पुस्तक सापडतच नाही. शिवाय तंतोतंत जुळणारी पुस्तकं बहुधा एक किंवा दोनच असतात. पान काही त्यांनी भरून जात नाही.

याहून मोठा धोका हळूहळू वाढणारा आहे. वरच्या ओळीवर क्लिक जास्त पडतात, ती वरची आहे म्हणूनच. ते क्लिक आणि त्यातून होणारी विक्री लोकप्रियतेत मोजली जाते, आणि पुस्तक आणखी वर सरकतं. तिसऱ्या पानावरच्या ‘पडसाद’ला विकलं जाण्याची संधीच मिळत नाही, आणि विकलं जात नाही म्हणून ते तिसऱ्या पानावर राहतं. छोट्या प्रकाशकांची आणि जुन्या लेखकांची पुस्तकं अशीच दिसेनाशी होतात. ऑनलाइन दुकानाला कपाटाच्या जागेची मर्यादा नसते, म्हणून तर आपण ती ठेवू शकतो. नाव घेऊन आलेल्या माणसालाही ती दाखवता येत नसतील, तर ती ठेवून उपयोग नाही.

‘तंतोतंत’ म्हणजे काय, हे मात्र नीट ठरवावं लागेल. इथे मराठीच्या काही खास अडचणी आहेत. ‘दऱ्या’ हा शब्द काही कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र अक्षराने उमटतो, तर काहींवर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन ही दोन रूपं एक करत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागेल. जुन्या आवृत्त्यांच्या नावांत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वार आहेत. आजचा वाचक ते लिहीत नाही. विरामचिन्हं, अवतरणं, जास्तीच्या मोकळ्या जागा यांनी जुळणी मोडता कामा नये. आणि ‘तो आणि मी’ यासारख्या नावातले सगळेच शब्द तुमच्या स्टॉपवर्ड यादीत आहेत. ते गाळले की शोधात काहीच उरत नाही आणि निकाल निव्वळ खपावर लागतो. नावाच्या जुळणीसाठी ही यादी वापरूच नका.

काही काम आमचंही आहे. प्रकाशकांकडून येणाऱ्या यादीत नावालाच ‘कादंबरी’, ‘पेपरबॅक’, ‘नवी आवृत्ती’ चिकटलेलं असतं. ते आम्ही काढून देतो, आणि उपशीर्षक वेगळ्या फील्डमध्ये हलवतो. तोवर विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या आधीचा भाग जुळला, तरी तंतोतंत धरावं.

पुस्तक संपलेलं असेल, तरी ते पहिलंच दाखवा. ‘सध्या उपलब्ध नाही’ आणि ‘आल्यावर कळवा’ यांसह. त्याच्या जागी दुसरंच काही पुढे केलं, तर ते पुस्तक आपल्याकडे कधी नव्हतंच असा ग्राहकाचा समज होतो. ‘पडसाद : सारांश व प्रश्नोत्तरे’ यासारखी मार्गदर्शकं मूळ पुस्तकाच्या खाली. जाहिरातीची जागा वेगळी आणि तशी खूण केलेली.

तपासणीसाठी आम्ही नावांची यादी पाठवतो आहोत : एका शब्दाची, लांबलचक, ऱ असलेली, जुन्या अनुस्वाराची, सगळे स्टॉपवर्ड असलेली, आणि एकाच नावाची दोन पुस्तकं. अपेक्षित पुस्तक पहिलं आलं की पास, दुसरं आलं तरी नापास. फक्त एकाच नावाच्या जोड्यांत पहिल्या दोन जागा दोघांना. बदल सगळ्यांना लागू करण्याआधी ही यादी आजच्या आणि नव्या अशा दोन्ही क्रमांवर चालवून निकाल आम्हाला दाखवा. यादीतलं काही तांत्रिकदृष्ट्या अवघड वाटलं, तर ते वगळण्याआधी आमच्याशी बोला.

— विक्री आणि कॅटलॉग विभाग