चौसष्ट आणि सेहेचाळीस

"सेहेचाळीस," गणेश शिडीवरून म्हणाला.

"परत मोज."

"दोनदा मोजले काका."

"मग तिसऱ्यांदा मोज. आणि नुसती खोकी मोजू नकोस, हातात घेऊन बघ. रिकामं खोकं रॅकवर ठेवायची सवय आहे इथे लोकांना."

तो एकेक खोकं उचलून हलवायला लागला. भरलेलं असलं की आत ठक्क आवाज होतो. मी खाली उभा राहून ते ठक्क मनातल्या मनात मोजत होतो. पावणेदोन वाजले होते. सकाळी दहाला ऑडिटवाले यायचे होते आणि सी रॅक आमच्या वाट्याला आलं होतं, कारण रात्री माल कमी निघतो, मोजदाद सुखाने होते, असा दिवसपाळीचा समज. रात्री जे निघतं ते कसं निघतं, हे त्यांना कुठे माहीत असतं!

सेहेचाळीसला आवाज थांबला.

रजिस्टरमध्ये शिल्लक होती चौसष्ट. बेअरिंग ६२०५, दोन्ही बाजूंनी पत्र्याची शील्ड असलेलं. स्टोअरमधला सगळ्यात चालता नग. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे हे पंचवीस मिलिमीटरचं. हे मला अण्णांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. अण्णा आमचे जुने स्टोअरकीपर. त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. फरक आला की आधी नऊने भागून बघायचा. भाग गेला तर बहुतेक कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, चोर शोधत बसू नकोस.

चौसष्ट वजा सेहेचाळीस, अठरा. नऊ दुणे अठरा.

खरं सांगतो, मला त्या क्षणी हसू आलं. भाग जातोय एवढंच नव्हतं, दोन्ही आकडे एकमेकांचे आरसे होते. ६४ आणि ४६. कुठल्याही ऑडिटवाल्याला दाखवा, तोसुद्धा मान डोलावेल. एक रेघ मारायची, वर ४६ लिहायचं, शेऱ्यात ‘आकडे उलट लिहिले गेले’, खाली सही. दोन मिनिटांचं काम. पेनाचं टोपणही मी काढलं होतं.

पण आकडे उलटले असतील तर ते कुठल्या ओळीत उलटले? शिल्लक काही आकाशातून पडत नाही. प्रत्येक ओळीत आवक मिळवायची, जावक वजा करायची. मी मागच्या महिन्यापासून बोट ठेवून खाली येत गेलो. एकही बेरीज चुकलेली नव्हती. चौसष्ट आपल्या पायांवर नीट चालत आलेली होती.

"गणेश, बिन कार्ड दे."

त्याने रॅकला तारेने अडकवलेलं कार्ड काढून दिलं. तेलकट, कोपरे मऊ पडलेलं. शेवटची शिल्लक, बावन्न.

आता तीन आकडे झाले. रजिस्टर चौसष्ट म्हणतंय, कार्ड बावन्न, आणि रॅक सेहेचाळीस. माझा सुंदर अठरा फुटून बारा आणि सहा झाला. हातातलं टोपण मी परत लावून टाकलं.

बारा सापडायला वेळ लागला नाही, पण माझी हुशारी त्यात काही नाही. मी इश्यू स्लिपांची फाइल आणायला उठलो, परत आलो, तर रजिस्टर ६२०६ च्या पानावर उघडं होतं. मी तर ६२०५ वर सोडून गेलो होतो. वर पंखा गरगरत होता. टेबल बरोबर त्याच्या खाली, आणि रजिस्टरची पानं इतकी वापरलेली की वाऱ्याचा झोत आला की आपोआप उलटतात. मी पान मागे केलं, हात काढला. दोन श्वासांत ते परत उलटलं.

६२०६ च्या पानावर अकरा तारखेला एक ओळ होती: स्लिप ११४८, जावक बारा. फाइलमधली स्लिप ११४८ काढली. पॅकिंगला दिलेले बारा नग, आणि आयटम स्वच्छ अक्षरात लिहिलेला, ६२०५. दिवसपाळीवाला फोन घ्यायला उठला असेल, परत येऊन पान न बघता लिहिलं असेल. मी खात्री करायला गणेशला ६२०६ मोजायला लावले. रजिस्टर एकोणीस म्हणत होतं, रॅकवर एकतीस निघाले. इथे बारा तूट, तिथे बारा जादा. एवढं समाधान मला क्वचित मिळालंय. मी रजिस्टरवर एक जुना गिअर वजन म्हणून ठेवला आणि पंख्याला एक शिवी दिली.

राहिले सहा.

सहा नग कार्डावरून उतरले नव्हते, रजिस्टरमधून उतरले नव्हते, आणि रॅकवर नव्हते. स्लिपा मी दोनदा चाळल्या. परत आलेल्या मालाची वही चाळली. खालचा कप्पा, रॅकच्या मागची फट, टॉर्च लावून सगळं. एक मेलेली पाल आणि दोन वॉशर सापडले.

अशा वेळी माणसाचं डोकं कुठे जातं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. ते कधी वरच्या माणसाकडे जात नाही. गणेश ठेकेदाराकडचा. सहा महिन्यांपूर्वी त्याला गेटवर अडवलं होतं, खिशात हात पुसायचं वेस्ट सापडलं म्हणून. चिंध्यांचा गोळा, बाकी काही नाही. पण गेटच्या वहीत त्याचं नाव चढलं ते चढलंच.

"सी रॅकला रात्री कोण कोण येतं रे?" मी विचारलं.

"मीच येतो काका. तुम्ही सांगाल ते काढायला."

"दुसरं कुणी?"

तो शिडीवरून उतरला. हात पुसले. मग काही न बोलता कोपऱ्यातली त्याची बॅग आणून टेबलावर ठेवली, रजिस्टरच्या शेजारी.

"बघा."

मी ‘अरे, तसं नाही’ म्हणायला हवं होतं. मी चेन उघडली. एक टॉवेल, एक घडी केलेला शर्ट, मोबाइलचा चार्जर, रबरबँड लावलेल्या पावत्या. टॉवेलची घडी उलगडूनही बघितली मी. तो रॅककडे तोंड करून उभा होता. बॅग तशीच सोडून मी स्लिपांची फाइल तिसऱ्यांदा उघडली, जणू तिच्यात काहीतरी राहून गेलं होतं.

तीनच्या सुमाराला काउंटरवर टकटक झाली. मेंटेनन्सचा दत्तू फिटर.

"बी-५२ चा पट्टा द्या साहेब. ब्लोअर बंद पडलाय."

"स्लिप?"

"सकाळी देतो ना."

"नाही. आज मोजदाद आहे. स्लिप असेल तरच माल हलेल."

दत्तू हसला. त्याला राग येत नाही कशाचा. "आज एवढं कडक? त्या रात्री कन्व्हेयर थांबला तेव्हा तर सहा बेअरिंगं तुम्हीच धावत आणून दिलीत. मी स्लिप म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, आधी लाइन चालू कर, कागद काय पळून जातात का."

पंख्याचा आवाज मला एकदम मोठा वाटला.

ती रात्र मला अख्खी आठवली. सुपरवायझरचा फोन, ‘पाच मिनिटांत माल पाहिजे’ हा ओरडा. गणेशची त्या दिवशी सुट्टी होती. शिडीवर मी स्वतः चढलो होतो. तीन रोलर, प्रत्येकाला दोन, म्हणून सहा. खोक्यांवर बोटांचे ठसे उठले म्हणून मी पँटला हात पुसले होते, एवढंसुद्धा आठवलं. सकाळी पाळी बदलताना आपण लाइन वाचवली म्हणून छाती फुगवून घरी गेलो होतो. स्लिप मी मागितली नाही, त्याने दिली नाही, आणि तीन आठवडे दोघांनाही तिची गरज पडली नाही.

गणेश ऐकत होता. त्याने मान वर केली नाही.

"लागले किती?" मी विचारलं.

"चार. तिसऱ्या रोलरची जुनीच बरी निघाली. दोन माझ्या लॉकरमध्ये आहेत, सीलबंद." दत्तूने काउंटरवरचं स्लिपबुक ओढलं. "थांबा, आत्ता लिहून देतो. तारीख त्या दिवसाची टाकतो, विषय संपला."

त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. आमच्याकडे असंच चालतं, आणि मी स्वतः कितीदा चालवून घेतलंय. पण स्लिपबुकाला छापील नंबर असतात. तारीख मागे जाते, नंबर मागे जात नाही. आजच्या स्लिपवर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख म्हणजे ऑडिटवाल्याला हाताने दाखवून देण्यासारखं. एवढाच हिशोब मी आधी केला, हे कबूल करतो. बाकीचं नंतर सुचलं. सुचलं तेव्हा नजर त्या उघड्या बॅगेवर होती.

"आजची तारीख टाक," मी म्हटलं. "सहा नगांची स्लिप कर. आणि ते दोन घेऊन ये, परत आले म्हणून जमा करतो. पट्ट्याची वेगळी स्लिप."

तो दोन खोकी घेऊन परत आला तोवर मी पानं नीट करून ठेवली होती. ६२०६ वर बारा परत, ६२०५ वर बारा जावक, स्लिप ११४८ चा हवाला देऊन. जुन्या ओळींवर काही खाडाखोड नाही. मग सहा जावक, दोन आवक. शिल्लक अठ्ठेचाळीस. गणेशने दोन खोकी वर नेऊन ठेवली आणि न सांगता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. ठक्क, ठक्क, ठक्क.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद असतो. त्यात बसवायला मला तीन ओळी लागल्या: ‘रात्रपाळीत ब्रेकडाऊनसाठी सहा नग स्लिपशिवाय मी दिले. नोंद राहिली.’ खाली सही, पूर्ण नाव, वेळ तीन पन्नास.

मोजणीच्या तक्त्यावर दोन सह्या लागतात, मोजणाऱ्याची आणि नोंद करणाऱ्याची. मी पेन गणेशपुढे केलं. त्याने आधी रजिस्टर स्वतःकडे वळवून शेरा वाचला, ओठ हलवत, सावकाश.

"हे सकाळी साहेब वाचणार."

"वाचू दे."

त्याने सही केली. मी म्हटलं, "गणेश, मघाशी..."

"डी रॅक पण घ्यायचं का आज?" त्याने विचारलं.

घेतलं. डी रॅकमध्ये सगळं जुळलं. आम्ही दोघं आकड्यांशिवाय एक शब्द बोललो नाही.

सहाला भोंगा झाला. दिवसपाळीवाला आला, मी त्याला गिअर दाखवला, पंखा दाखवला, ११४८ दाखवली. तो ओशाळला. माझा शेरा वाचून मात्र त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

गणेशने टेबलावरची बॅग उचलली. टॉवेल मी उलगडून टाकला होता, तसाच लोंबत होता. त्याने तो आत ढकलला, पण चेन लावली नाही. बॅग तशीच उघडी छातीशी धरून तो गेटच्या दिशेने चालत गेला.