नवरीच्या ब्लाउजचं अस्तर

येवल्याची जांभळी पैठणी, लग्न मे महिन्यात, आणि ब्लाउजच्या अस्तरासाठी नवरीची आई तीन कापडं समोर ठेवून म्हणाली, तूच ठरव रे बाबा. माझं पहिलंच नवरीचं काम, रात्री झोप नाही. खादी मला मनापासून आवडते, हातसुताची, घाम छान टिपते, पण आणलेली होती जाड आणि मुंढ्यात चार पदर आले की शिवण फुगते, नवरीला हात वर करून हार घालायचाय ना. सिल्क मिक्स चमकायचं भारी, पण हाताला नुसतं निसटत होतं, घामात अंगाला चिकटणार आणि वरची पैठणीही तशीच गुळगुळीत, म्हणजे आतल्या आत सरकत राहणार. शेवटी मऊ सुती घेतलं, एक मीटर, रात्रभर पाण्यात भिजत घातलं, आटायचं ते आधीच आटू दे, शिवाय रंग सुटतो का तेही कळतं. सकाळी इस्त्री करून कापलं. ट्रायलला ताईने दोन्ही हात वर केले, खांदे फिरवले आणि म्हणाली, दादा, टोचत नाहीये कुठंच.