दुष्काळी सालाची रोजनिशी (जामखेड तालुका, १९७२-७३)

७ सप्टेंबर १९७२, पोळा
गावात बैल निघाले, पण मिरवणूक अशी नाहीच. निम्मे बैल खर्ड्याच्या बाजारात गेले. जे उरले त्यांच्या शिंगांना हिंगूळ लावायलाही कुणाला उत्साह नव्हता. परवा शाळेत चौथीच्या मुलांनी मातीचे बैल केले. ओली माती मिळेना म्हणून एकाने घरून तांब्याभर पाणी आणले, तर त्याची आजी मागोमाग ओरडत आली. तिचे बरोबर होते. मागची दोन वर्षेही धड पाऊस नव्हता, त्यामुळे विहिरींना धरून ठेवायला काही उरलेलेच नाही.

१० ऑक्टोबर
हस्त कोरडा गेला. आपला मुलूख रब्बीचा, हस्ताच्या ओलीवर ज्वारी पेरायची. बापूतात्यांनी धूळपेरणी केली आहे. बाकीच्यांनी पाभर बाहेर काढलीच नाही. पारावर आता स्वातीची भाषा आहे. म्हातारी माणसे १८९९ सालच्या, म्हणजे त्यांच्या आईबापांच्या तोंडच्या संवत छप्पन्नच्या दुष्काळाची गोष्ट काढतात आणि मध्येच थांबतात.

५ नोव्हेंबर, दिवाळी
स्वातीही गेली. सौ.ने करंज्या केल्या नाहीत, मीही विचारले नाही. आई म्हणाली, "दारात पणती लाव, तेलाचं काय ते माझ्या वाटणीतलं धर."

२ डिसेंबर
तीन कुटुंबे मुंबईला गेली, दोन साखर कारखान्यावर उसाच्या तोडीला. पटावरून नावे कमी करायला हात धजत नाही. मी त्यांच्यापुढे पेन्सिलीने 'बाहेरगावी' एवढेच लिहिले आहे.

१६ जानेवारी १९७३
डोंगराच्या अंगाला खडी फोडायचे काम सुरू झाले, पुढे पाझर तलावाचेही निघणार म्हणतात. सकाळी उठून सारे गाव तिकडे. बायका बोटांना चिंध्या बांधून हातोडी मारतात, खडीचे कण डोळ्यांत उडतात. मजुरी मापावर, ब्रासवर. दिवसभर बसून कुणाला दोन रुपये पडतात, कुणाला दीड. मस्टरवर नाव आहे, पण आठवड्याचा पगार पंधरा दिवसांनी येतो, आणि तोवर दुकानदार उधार देत नाही.

माझी पाचवीची सहा मुले तिथे आईशेजारी बसून बारीक खडी करतात. कारकून त्यांच्याकडे बघत नाही, कारण मुलांची नावे मस्टरवर नाहीतच. त्यांनी फोडलेले आईच्या ढिगात जाते. जाऊन त्यांना शाळेत ओढून आणावे असे फार वाटले. पण एका ढिगामागे चार तोंडे आहेत, आणि ती भरण्याची ताकद माझ्या फळ्यात नाही.

३ फेब्रुवारी
रेशनला मिलो आला. लाल, बारीक, अमेरिकेची ज्वारी. कार्डावर माणशी दोन किलो, पंधरवड्यासाठी. भाकरी थापताना चिरा पडतात. तोंडात कडवट लागते आणि पोटात गच्च बसते. आईला दोन दिवस त्रास झाला. तरी रांग पहाटेपासून होती. माझा पगार चालू आहे, म्हणून आम्ही कार्डावरचा निम्माच मिलो उचलायचा असे सौ.ने ठरवले. बाकीचा शेजारच्या भागूमावशीकडे जाऊ दे, म्हणाली. दुकानदाराने आधी नियम सांगितला, मग दिला.

१९ फेब्रुवारी
शाळेत सुकडीची पोती आली. भाजलेल्या पिठाची, गुळाची, गोडसर. प्रत्येक मुलाला मापाने द्यायची आणि हजेरीवर सही घ्यायची. हजेरी एका दिवसात दुप्पट झाली. पाटीदप्तर न घेता, नुसती वाटी घेऊन आलेली मुलेही मी बसवून घेतली. पहिलीतली एक पोरगी मुठीत सुकडी दाबून घरी निघाली. इथेच खा म्हटले तर म्हणाली, "गुर्जी, बाळाला निम्मी." मग मी सांगणे सोडून दिले.

गावातल्या एका वजनदार माणसाने सुचवले की पटावर दहा नावे जास्त दाखवा, पोते वाढून येईल. मी नाही म्हटले. तपासणीत पकडलो तर सारीच सुकडी बंद पडेल, ही एक भीती. शिवाय ते जास्तीचे पोते कुणाच्या घरी जाणार, हे मला नीट ठाऊक आहे.

१२ मार्च
जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याचा दवाखाना आहे, त्यांची माणसे आली. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी यांच्यासाठी गावातच एकत्र स्वयंपाक करायचा. धान्य बाहेरून येईल, सरपण, पाणी आणि हात गावाचे. समाजमंदिरात चूल पेटली. मोठा प्रश्न एकच निघाला, रांधणार कोण? दोन घरांनी सांगितले, महारवाड्यातल्या बाईने शिजवले तर आमची मुले येणार नाहीत. पहिल्या दिवशी खरेच आली नाहीत. तिसऱ्या दिवशी आली, पंगतीच्या टोकाला बसली. आज मी पाहिले, टोक असे उरलेले नाही. भुकेने जे झाले ते गावाने आधीच शहाणपणाने करायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. पाऊस आल्यावर पंगत पुन्हा मोडेल की काय, ही काळजी आहेच.

४ एप्रिल, पाडवा
गुढ्या मोजक्याच. साखरेच्या गाठी एका घरी दिसल्या.

परवा बापूतात्यांनी पेव उघडले. मला बोलावले होते, वजन लिहून घ्यायला. आत बियाण्याची ज्वारी, घरची मालदांडी, कित्येक वर्षे निवडून जपलेली. त्यांनी सांगितले, "मास्तर, लिहा. वीस पायली. ही आता खायला काढतो." सून चुलीपाशी उभी होती, ती काही बोलली नाही. मी म्हटले, "तात्या, थोडी ठेवा. पेरायला काय करणार?" ते म्हणाले, "नातवंडं राहिली तर पेरणी. आधी ती ऱ्हाऊ द्या."

आतापर्यंत गावात कुणी कितीही रडले तरी पुढच्या पेरणीबद्दल बोलत होते. या घरचे बियाणे निघाले आणि दोन दिवसांत आणखी चार घरांनी पेवे उघडली. आता पारावर नक्षत्रांची चर्चा कुणी करत नाही.

९ मे
सुट्टी लागली, तरी शाळा रोज सकाळी उघडतो, सुकडीसाठी. गावच्या विहिरीत माणूस उतरून वाटीने पाणी भरतो. विंचरणेच्या पात्रात खोदलेले झिरे आटले. टँकर एक दिवसाआड, कधी दोन. जनावरे राहिली ती छावणीत. वर्तमानपत्रात वाचले की राज्यात कामांवर जवळपास ५० लाख माणसे आहेत. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारने एवढी कामे उघडली नसती तर या गावात आज स्मशानाची वाट रोजची झाली असती, हे मान्य केलेच पाहिजे. माणसे तगली आहेत. पण त्यांचे चेहरे मला आवडत नाहीत. मिळाले तर खातात, नाही मिळाले तर भांडतही नाहीत. जानेवारीत पगार लांबला तेव्हा बायकांनी मुकादमाला घेराव घातला होता. आता तीच दिरंगाई झाली, तर साऱ्या गप्प बसून राहिल्या.

२६ मे
रोहिण्या लागल्या. ढग येतात, जातात. आई आकाशाकडे बघत नाही. मीही पूर्वी रात्री अंगणात जाऊन वारा कुठून येतो ते बघायचो, ते सुटले.

स्वयंपाकाचे धान्य चार दिवस पुरेल. सुकडीची पोती आली नाहीत, आजचे वाटप रिकाम्या पोत्यातला चुरा झाडून केले. चौपन्न मुले होती. धाकट्यांना आधी दिले, सातवीच्या पोरांनी स्वतःहून नको म्हटले. त्यांची नावे मी वेगळी लिहून ठेवली आहेत.

२७ मे
उद्या सकाळी सायकलने तालुक्याला जायचे. सोबत चौपन्न मुलांची यादी, वयासकट, आणि पंगतीतल्या एकवीस गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांची. अर्ज दोन प्रतींत केला आहे, एकीवर पोच घेणार. तहसीलमध्ये भेट झाली नाही तर दवाखान्यात जाऊन सांगेन. तात्यांनी त्यांच्या मालदांडीतली दोन पायली अजून बाजूला ठेवली आहे, असे त्यांच्या सुनेने काल सौ.ला सांगितले. तात्यांना ते माहीत नाही. आम्हीही सांगणार नाही.