अण्णांची पंगत
(कर्मवीर भाऊराव पाटील जयंती, 22 सप्टेंबर. गावातील तरुण मंडळाच्या वतीने मंडळाच्या सदस्येने केलेले भाषण)

सरपंच ताई, मुख्याध्यापक सर, गावातल्या आजी-आजोबांनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. सगळ्यांना नमस्कार.

मंडळाने मला सांगितलं, थोडक्यात बोल. सर दरवर्षी अण्णांचं चरित्र सांगतात आणि ते माझ्यापेक्षा फार चांगलं सांगतात. 1887 साली कुंभोजला जन्म, 1919 साली रयत शिक्षण संस्था, 1959 साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी 9 मे रोजी निधन, हे इथल्या शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही पाठ आहे. म्हणून मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. अण्णांच्या बोर्डिंगातल्या जेवणावर.

हसू नका. मला खरंच वाटतं की कर्मवीरांचं सगळ्यात धाडसी काम वर्गात झालं नाही, ते स्वयंपाकघरात झालं.

सुरुवात कोल्हापुरातून करू. अण्णा तिथे जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. 1908 च्या सुमाराला शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला अण्णा गेले. परत आल्यावर बोर्डिंगात हुकूम झाला, विटाळ झालाय, अंघोळ कर आणि मगच आत ये. अण्णांनी अंघोळ करायला नकार दिला. बोर्डिंगातून त्यांचं नाव कमी झालं.

एक तांब्या पाणी अंगावर घेतलं असतं तर प्रश्न मिटला असता. कुणाला कळलंही नसतं की मनात काय होतं. आपल्यातले बहुतेक जण तेच करतील, मी स्वतःही कदाचित केलं असतं. 'कशाला वाद, घे ना अंगावर दोन तांबे.' पण त्या पोराला कळलं की ते पाणी ओतून घेणं म्हणजे पलीकडच्या मुलांना विटाळ मानणं. म्हणून राहायची सोय गेली तरी चालेल, असं त्याने ठरवलं. पुढे मॅट्रिकचा टप्पाही त्यांना पार करता आला नाही. ज्या माणसाने पुढे हजारो मुलांना मॅट्रिक केलं, तो स्वतः मॅट्रिक नव्हता.

आता पुढचं बघा. ज्याला एका वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं, त्याने आयुष्यभर काय उभं केलं? वसतिगृहंच. आधी सहकाऱ्यांबरोबर दुधगावला. मग कराडजवळच्या काले गावी 4 ऑक्टोबर 1919 रोजी रयत शिक्षण संस्था. मग 1924 साली साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजी साताऱ्यात आले आणि त्या बोर्डिंगाला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नाव दिलं गेलं.

त्या काळी वसतिगृहं काही कमी नव्हती. मराठ्यांचं बोर्डिंग होतं, जैनांचं होतं, लिंगायतांचं होतं, अस्पृश्य मुलांसाठीही होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात त्यांना मोठा आधार दिला आणि त्याचं कारणही खरं होतं. प्रत्येक समाजातली मुलं शहरात शिकायला यावीत तर आधी त्यांना आपलं म्हणणारं एक छप्पर हवं. ती गरज कुणी नाकारू नये. पण अण्णांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी छप्पर एक केलं आणि त्याच्याखाली चूलही एक केली.

चूल एक करणं किती अवघड होतं, हे आज्यांना विचारा. त्या काळात शाळेत शेजारी बसणं एक वेळ लोक चालवून घ्यायचे. सरकारी शाळा आहे, काय करणार. पण जेवण? कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या ताटाला लागून बसायचं, कुणाच्या घागरीचं पाणी प्यायचं, यावर तर जात उभी होती. पुस्तक कुणाचंही चालतं, भाकरी कुणाचीही चालत नाही. अण्णांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. बोर्डिंगात आचारी ठेवून मुलांना पंगतीला बसवण्यावर ते थांबले नाहीत. पोरं स्वतः दळायची, पाणी आणायची, भाकऱ्या थापायची, भांडी घासायची. मराठ्याचा पोरगा महाराच्या पोराने थापलेली भाकरी खायचा, आणि महाराचा पोरगा ब्राह्मणाच्या पोराने वाढलेली आमटी. रोज. दोन्ही वेळा. सण असो नसो.

सहभोजनाचे कार्यक्रम त्या काळी इतरांनीही केले. मोठ्या लोकांनी केले, त्यांचे फोटो निघाले, आणि त्यांना त्या काळात धैर्य लागत होतं हेही मी मान्य करते. पण एका दिवसाचं सहभोजन उरकून माणूस घरी जातो, आणि घरचा माठ होता तसाच राहतो. बोर्डिंगातल्या मुलाला घरी जाता येत नव्हतं. भूक लागायची, आणि ताट एकच होतं. दोन-तीन महिन्यांत सवय व्हायची. वर्षाने तो सुट्टीला गावी जायचा तेव्हा आईला विचारायचा, त्यांना बाहेर का जेवायला वाढतेस? अण्णांना वाद घालून माणसं बदलायची घाई नव्हती. त्यांना सवय बदलायची होती.

आणि इथे मला एका व्यक्तीबद्दल सांगायचंच आहे, कारण जयंतीच्या बॅनरवर तिचा फोटो नेहमी छोटा असतो. या वर्षी आम्ही तो मोठा केलाय, बघून घ्या. लक्ष्मीबाई. अण्णांच्या पत्नी, बोर्डिंगातल्या पोरांच्या वहिनी. त्या सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या घरातून आलेल्या. अण्णांना ही पंगत सुचली, पण घरात आणि चुलीजवळ ती निभावली लक्ष्मीबाईंनी. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला ताप आहे, कोण घरच्या आठवणीने जेवला नाही, हे बघितलं त्यांनी. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा. 1930 साली त्या गेल्या. त्या वेळच्या बाईने मंगळसूत्र मोडून दुसऱ्यांच्या पोरांच्या ज्वारीची सोय करणं म्हणजे काय, हे मी समजावून सांगायची गरज नाही. कर्मवीर जयंतीला एक हार लक्ष्मीबाईंना घातल्याशिवाय तो कार्यक्रम पुरा होत नाही, असं माझं मत आहे. मंडळातल्या दोघांना हे पटलेलं नव्हतं. आता पटलंय.

पैसा कुठून यायचा? बायाबापड्या मूठमूठ धान्य बाजूला काढायच्या आणि ते बोर्डिंगाला जायचं. अण्णा गावोगाव फिरून मागायचे. मोठ्या देणग्याही आल्या, नाही असं नाही. पण मुठीच्या धान्यात एक गंमत होती. ज्या घराने मूठभर ज्वारी दिली, त्या घराची ज्वारी सगळ्या जातींच्या पोरांच्या पोटात गेली. देणाऱ्याला आवडो न आवडो, त्याची भाकरी पंगतीला बसलीच. 'कमवा आणि शिका' हे अण्णांचं सूत्र आपण नेहमी ऐकतो. त्यातलं श्रमाचं मोल सगळे सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. शेजारच्या पोराबरोबर एकाच वाफ्यात खुरपं चालवलं की त्याच्याबरोबर जेवायला लाजायला जागाच उरत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल बोलते. थोडंच.

आपल्या गावात आज कुणी उघडपणे म्हणत नाही की अमक्याच्या घरचं आम्ही खात नाही. शाळेत खिचडीची पंगत एकच असते, आणि सरांनी त्याबाबतीत कधी तडजोड केली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. पण घरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो की नाही, तुम्हीच आठवा. शेतावरच्या गड्याला जेवण कशात वाढतो? लग्नाच्या मांडवात कुठल्या वस्तीतले पाहुणे शेवटच्या पंगतीला बसतात आणि का? यात्रेच्या महाप्रसादाला भाजी चिरायला सगळे चालतात, पण मोठ्या पातेल्यात पळी घालायला ठरलेलीच चार घरं असतात. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच माहीत नाही. म्हणून तर ते टिकून आहे.

मी कुणाचं नाव घेत नाही. माझ्या घरीही तो कप होता. आता नाही. आई मला चिडून म्हणाली होती, एवढंसं ते काय. मला वाटतं, जैन बोर्डिंगातही त्या दिवशी अण्णांना कुणीतरी हेच म्हणालं असेल, तांब्याभर पाणी ते काय.

म्हणून या वर्षी मंडळाने रॅली काढली नाही. डीजे तर नाहीच. काही जण नाराज आहेत, त्यांच्याशी नंतर बोलू. त्या पैशांतून आपण जेवण ठेवलंय, आणि ज्वारी, डाळ, तेल, गूळ हे सगळं गावातल्या प्रत्येक वस्तीतून मुठीमुठीने गोळा झालंय. कुणी किती दिलं याची यादी वाचायची नाही असं ठरलंय, तेव्हा कृपा करून मागू नका. स्वयंपाक सकाळपासून मंडळातली मुलं-मुली करताहेत. भाकऱ्या पोरांनी थापल्यात. आकार बघून हसाल, पण खाऊन बघा.

आज जेवायचे नियम दोनच. पहिला, जसे याल तसे बसायचं. आपल्या गल्लीचा, आपल्या भावकीचा घोळका करून बसायचं नाही. शेजारी कोण आहे ते बसल्यावर बघा आणि ओळख नसेल तर नाव विचारा. दुसरा, पहिल्या पंगतीला बाया आणि लहान मुलं. पुरुषांनी वाढायचं. सरपंच ताई पहिल्या पंगतीला बसणार आहेत, आणि त्यांचे मिस्टर आमटी वाढणार आहेत. ते हो म्हणालेत, सगळ्यांसमोर सांगते, आता मागे फिरता येणार नाही.

जेवणानंतर आपापलं ताट आपण घासायचं. हौदाजवळ राख आणि साबण दोन्ही ठेवलंय. आणि मंडळाची पुढच्या महिन्याची बैठक इथेच आहे. विषय एकच, यात्रेच्या महाप्रसादाची पळी या वर्षी कुणाच्या हातात द्यायची. ज्यांचं वेगळं मत असेल त्यांनी जरूर यावं, बाहेर पारावर बोलण्यापेक्षा इथे बोलावं.

आता फोटोंना हार घालून घेऊ. आधी लक्ष्मीबाईंना, मग अण्णांना. हार घालायला सगळ्यात मोठ्या आजी आणि सगळ्यात लहान कार्यकर्ता, दोघांनी पुढे यावं. बाकीच्यांनी हात धुऊन घ्या, आमटी गरम आहे.