प्रकरण 7 : मूल्यांकनातील वटाव दर आणि अंतिम मूल्य

तासगाव येथील बेदाणा प्रतवारी व शीतगृह व्यवसायाच्या विस्तारासाठी कंपनी 4 कोटी रुपयांचे नवे भागभांडवल उभारू इच्छिते. प्रकरण 6 मध्ये 2025-26 ते 2029-30 या पाच वर्षांचे मुक्त रोख प्रवाह मांडले आहेत. त्या प्रवाहांचे आजचे मूल्य कोणत्या दराने काढले आणि पाचव्या वर्षानंतरच्या व्यवसायाला किती मोल दिले, याचे स्पष्टीकरण या प्रकरणात आहे. मूल्यांकनाची तारीख 31 मार्च 2025 असून सर्व आकडे लाख रुपयांत आहेत. रोख प्रवाह महागाई धरून काढलेले असल्यामुळे वटाव दरही महागाईसह घेतला आहे.

7.1 वटाव दर

भागभांडवलाच्या खर्चाची सुरुवात दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यापासून केली असून मूल्यांकनाच्या तारखेच्या सुमारास तो 6.6 टक्क्यांच्या आसपास होता. रेपो दर किंवा बँकेतील मुदत ठेवीचा दर येथे घेतलेला नाही, कारण शीतगृहाची उपयुक्तता दीर्घ मुदतीची आहे आणि तिच्याशी तुलना करायची तर साधनही तितक्याच लांब पल्ल्याचे हवे. समभागांतील जोखमीचा अधिमूल्य दर 7 टक्के धरला आहे.

बीटा, म्हणजे बाजाराच्या तुलनेत समभाग किती हेलकावतो याचे माप, याच्या बाबतीत हात बांधलेले आहेत. भारतीय शेअर बाजारात निव्वळ शीतसाखळीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, आणि बेदाण्यावर अवलंबून असलेल्या शीतगृहाशी त्यांचे साम्य मर्यादित आहे. त्यामुळे शीतसाखळी, गोदाम आणि अन्नप्रक्रिया या तिन्ही क्षेत्रांकडे पाहून कर्जविरहित बीटा 0.83 हा आमच्या निर्णयाचा आकडा म्हणून घेतला आहे. कर्ज आणि भागभांडवल यांचे 30:70 हे उद्दिष्ट प्रमाण आणि 25.168 टक्के कर लावल्यावर तो 1.10 होतो. यावरून भागभांडवलाचा मूळ खर्च 14.3 टक्के येतो. कंपनीचा लहान आकार आणि तिचे समभाग सहज विकता न येणे यांसाठी 3 टक्के जोडून तो 17.3 टक्के धरला आहे.

हे 3 टक्के दरात एकदा घेतल्यावर अखेरच्या भागभांडवल मूल्यातून तरलतेअभावीची वेगळी कपात केलेली नाही. अशी कपात सुचवली गेल्यास आधी दरातले अधिमूल्य कमी करावे लागेल. एकाच कारणासाठी दोनदा वजावट योग्य ठरणार नाही.

मुदत कर्जाचा व्याजदर 10.5 टक्के असून करानंतर तो 7.86 टक्के पडतो. गोदाम पावतीवर शेतकरी आणि व्यापारी जे तारण कर्ज उचलतात ते कंपनीचे कर्ज नाही, म्हणून भांडवल रचनेत ते धरलेले नाही. पुढील सूत्रांत Ke म्हणजे भागभांडवलाचा खर्च आणि WACC म्हणजे भागभांडवल व कर्ज यांच्या खर्चाची भारित सरासरी; हीच वटाव दर म्हणून वापरली आहे.

```
Ke   = 6.6 + 1.10 × 7.0 + 3.0 = 17.3
WACC = 0.70 × 17.3 + 0.30 × 7.86 = 14.47 ≈ 14.5
```

सध्याच्या ताळेबंदात कर्जाचे प्रमाण याहून कमी आहे. तरीही उद्दिष्ट प्रमाण वापरले आहे, कारण मूल्याचा मोठा हिस्सा पाच वर्षांनंतरच्या काळातून येतो आणि तोवर विस्तारासाठीचे मुदत कर्ज ताळेबंदात आलेले असेल.

7.2 अवकाळी पावसाची जोखीम दरात का नाही

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बेदाणा शेडवर असताना पाऊस झाला तर माल काळा पडतो आणि शीतगृहाकडे येणारी आवक त्या वर्षी घटते. ही जोखीम खरी असल्यामुळे वटाव दरात आणखी दोन-तीन टक्के घालावेत, असा आग्रह साहजिकच होईल. आम्ही तसे केलेले नाही. दरात घातलेली जोखीम दरवर्षी चक्रवाढीने वाढत जाते, म्हणजे पहिल्या वर्षीच्या पावसापेक्षा दहाव्या वर्षीचा पाऊस कितीतरी पटीने अधिक धोकादायक असल्यासारखे गणित होते. प्रत्यक्षात प्रत्येक हंगामाचा धोका साधारण सारखाच असतो.

म्हणून तो धोका थेट रोख प्रवाहात उतरवला आहे. चारपैकी एक हंगाम कमकुवत जाईल असे गृहीत धरले आहे. 2029-30 मध्ये चांगल्या हंगामात व्याज, कर व घसाऱ्यापूर्वीचा नफा 580 आणि कमकुवत हंगामात 340 अपेक्षित असून त्यांची भारित सरासरी 520 येते. अंतिम मूल्याचा पाया हाच 520 चा आकडा आहे. भरघोस वर्षाच्या नफ्यावर कायमस्वरूपी मूल्य उभे केलेले नाही.

7.3 अंतिम मूल्याचा पाया

2029-30 चा मुक्त रोख प्रवाह 310 आहे. तो तसाच उचलून 6 टक्के वाढीने पुढे नेला, तर अंतिम मूल्य 3,866 येते आणि कागदावर कंपनी फार मौल्यवान दिसते. हा मार्ग आम्ही नाकारला आहे. त्या वर्षी घसारा 130 आणि भांडवली खर्च फक्त 62 आहे, कारण यंत्रसामग्री नवी असेल. कॉम्प्रेसर, बाष्पक आणि पफ पॅनेल बदलण्याची वेळ नंतर येईलच. घसाऱ्याच्या निम्म्याहून कमी खर्चात शीतगृह कायम चालेल असे मानणे म्हणजे ते कधीच जुने होणार नाही असे मानणे होय.

त्याऐवजी करोत्तर परिचालन नफा घेतला आहे. 520 मधून 130 घसारा वजा जाता 390 राहतात आणि कर वजा जाता 292 उरतात. यातून घसाऱ्याइतका बदली खर्च भागतोच, आणि वाढीसाठी त्यावर किती गुंतवावे लागेल हे वाढीचा दर भागिले नव्या भांडवलावरील परतावा या प्रमाणात ठरवले आहे. दीर्घकालीन वाढ 4.5 टक्के आणि परतावा 15 टक्के धरल्याने नफ्याचा 30 टक्के हिस्सा दरवर्षी पुन्हा व्यवसायात जातो.

```
FCF(2030-31) = 292 × 1.045 × (1 − 0.045/0.15) = 213.6
TV           = 213.6 / (0.145 − 0.045) = 2136
```

4.5 टक्के वाढ निवडण्याचे कारण साधे आहे. 2029-30 पर्यंत शीतगृहाची 85 टक्के क्षमता वापरात येईल आणि त्यापुढे त्याच भिंतींच्या आत टनेज फारसे वाढणार नाही. राहते ती भाड्याच्या आणि प्रतवारीच्या दरांतील वाढ. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे उद्दिष्ट 4 टक्के आहे. त्यावर अर्धा टक्का ही भर घातली आहे. हा दर सरकारी रोख्यांच्या 6.6 टक्के परताव्यापेक्षा बराच खाली आहे, आणि कायमस्वरूपी वाढीचा दर त्यापेक्षा वर जाऊ नये ही मर्यादा आम्ही पाळली आहे.

निष्कर्षाची पडताळणी दोन प्रकारे केली. 2,136 हे मूल्य 520 च्या 4.1 पट आहे. लहान आणि असूचिबद्ध व्यवसायासाठी हे प्रमाण आम्हाला संयत वाटते. दुसरी पडताळणी अधिक बोलकी आहे. तेवढ्याच क्षमतेचे शीतगृह व प्रतवारी केंद्र जमिनीसह आज उभारायचे तर कंपनीकडे आलेल्या दरपत्रकांनुसार सुमारे 1,500 लागतील. दरसाल 4.5 टक्क्यांनी वाढवल्यास 2030 मध्ये हा आकडा 1,869 होतो. अंतिम मूल्य त्याहून 14 टक्क्यांनी जास्त आहे आणि चालू गिऱ्हाइकी, प्रतवारीचा नावलौकिक व बाजार समितीतील व्यापाऱ्यांशी असलेली ओळख यांसाठी एवढा फरक समजण्यासारखा आहे. 3,866 चा आकडा 1,869 या उभारणी खर्चाच्या दुपटीहून अधिक ठरला असता. तसे असते तर आमचा समभाग घेण्याऐवजी शेजारी नवे शीतगृह बांधणेच कोणालाही स्वस्त पडले असते.

7.4 आजचे मूल्य आणि संवेदनशीलता

बेदाणा मे अखेर शीतगृहात भरतो आणि दिवाळीपर्यंत व नंतरही टप्प्याटप्प्याने उचलला जातो, त्यामुळे उत्पन्न वर्षभर पसरते. म्हणून प्रत्येक वर्षाचा प्रवाह वर्षाच्या मध्यावर आला असे धरून वटवला आहे. अंतिम मूल्यही त्याच पद्धतीच्या प्रवाहांवर उभे असल्याने त्याला साडेचार वर्षांचाच घटक लावला आहे. नफ्याच्या पटीने काढले असते तर पाच वर्षांचा लावावा लागला असता.

पाच वर्षांचे प्रवाह अनुक्रमे उणे 420, 95, 210, 275 आणि 310 असून त्यांचे आजचे मूल्य 174 होते. अंतिम मूल्याचे आजचे मूल्य 1,161 आहे. एकूण व्यवसायमूल्य 1,336 आणि निव्वळ कर्ज 200 वजा जाता गुंतवणुकीपूर्वीचे भागभांडवल मूल्य 1,136 राहते.

येथे एक बाब लपवण्यात अर्थ नाही. व्यवसायमूल्यातील 87 टक्के हिस्सा अंतिम मूल्याचा आहे. बांधकामाच्या वर्षातील मोठी उणे रक्कम बाजूला ठेवली तर हे प्रमाण 67 टक्क्यांवर येते, तरीही ते जास्तच आहे. विस्ताराच्या पहिल्या टप्प्यातील कंपनीत असे होणे अटळ आहे, आणि म्हणूनच पुढील तक्ता बारकाईने पाहावा.

गुंतवणुकीपूर्वीचे भागभांडवल मूल्य (लाख रुपये)

| वटाव दर | वाढ 3.5% | वाढ 4.5% | वाढ 5.5% |
|---|---|---|---|
| 13.5% | 1,300 | 1,332 | 1,369 |
| 14.5% | 1,120 | 1,136 | 1,153 |
| 15.5% | 970 | 976 | 980 |

तक्ता आडवा वाचला तर आकडे जेमतेम हलतात. नव्या भांडवलावरचा 15 टक्के परतावा हा 14.5 टक्के भांडवल खर्चाच्या अगदी जवळ असल्यामुळे वाढीतून जे मिळते ते वाढीसाठी कराव्या लागणाऱ्या गुंतवणुकीत जवळपास संपते. त्यामुळे वाढ 4.5 की 5.5 टक्के, यावर वाटाघाटींचा वेळ घालवण्याचे प्रयोजन नाही. उभा वाचला की चित्र बदलते. वटाव दर एका टक्क्याने कमी केला तर मूल्य 17 टक्क्यांनी वाढते, एका टक्क्याने वाढवला तर 14 टक्क्यांनी घटते. खरी चर्चा 3 टक्के अधिमूल्यावर आणि 15 टक्के परताव्यावर व्हावी, असे आमचे मत आहे.

या फरकाचा परिणाम केवळ किमतीपुरता नाही. 4 कोटी रुपयांसाठी मूळ गणितानुसार गुंतवणूकदाराला 26 टक्के हिस्सा मिळतो. 13.5 टक्के दराने तो 23.1 टक्के आणि 15.5 टक्के दराने 29.1 टक्के होतो. कंपनी कायदा, 2013 नुसार विशेष ठरावासाठी बाजूची मते विरोधातील मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात, म्हणजे 25 टक्क्यांहून अधिक मते असलेला भागधारक असा ठराव एकटा रोखू शकतो. हा हक्क द्यायचा की नाही, हे भागधारक करारात उघडपणे ठरवावे. हिस्सा 25 टक्क्यांच्या आत बसावा म्हणून वटाव दर मागून जुळवलेला नाही.

7.5 काय धरलेले नाही आणि फेरगणना केव्हा

शीतगृहांसाठीचे कर्जाशी निगडित अनुदान मंजुरीपत्र हाती येईपर्यंत रोख प्रवाहात धरलेले नाही. मंजुरी मिळाल्यास ते ज्या वर्षी प्रत्यक्ष समायोजित होईल त्या वर्षीच्या प्रवाहात दाखवले जाईल. ते एकदाच मिळणार असल्यामुळे अंतिम मूल्याला त्याचा स्पर्श होणार नाही. प्राप्तिकर कायदा, 1961 च्या कलम 115बीएए अन्वये सवलतीचा कर दर निवडल्याने कलम 35एडी खालील भांडवली खर्चाची पूर्ण वजावट घेतलेली नाही.

करारावर सह्या होण्याच्या दिवशी सरकारी रोख्यांचा परतावा 6.6 टक्क्यांपासून अर्ध्या टक्क्याहून अधिक सरकलेला असेल, किंवा 2024-25 च्या लेखापरीक्षित ताळेबंदात निव्वळ कर्ज 200 पेक्षा वेगळे निघाले, तर वरील सूत्रांनीच फेरगणना केली जाईल. मधल्या काळात बीटा, अधिमूल्ये, वाढीचा दर आणि परतावा यांत कोणत्याही एका पक्षाच्या सांगण्यावरून बदल केला जाणार नाही.